पोलादपूरचा ओढा, महाबळेश्वरचा पाऊस

दासगावहून मुलांना घेऊन पोलादपूरच्या डोंगरात जायचं, तर आम्ही रायगडबरोबर सातारा जिल्ह्याचाही हवामान इशारा पाहतो. सावित्री महाबळेश्वरहून उतरते. जुलै 2021 मध्ये तिथे 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला आणि खाली महाड बुडालं. दोन्हींपैकी कुठेही नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर बेत रद्द.

ढगफुटी म्हणजे तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस. ती नेमक्या कोणत्या डोंगरावर होईल, हे इशारा सांगत नाही. म्हणून ओढ्यावर नजर हवी. डोक्यावर ऊन असतानाही नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की वर पाऊस झालाय समजावं. अशा वेळी ओढा ओलांडू नये. असू त्याच काठावर उंच जागी, पण कड्याखाली नव्हे, पाणी उतरेपर्यंत थांबावं. घरी उशीर झाला तरी चालेल.