फ्युचर स्पॉटपेक्षा महाग का?

आधी मलाही वाटायचं, निफ्टी फ्युचर स्पॉटच्या वर म्हणजे बाजार चढणार. पण ते मुख्यतः व्याज असतं.

समजा निफ्टी 24,000 आहे. सगळे शेअर रोखीने घेतले तर पैसे अडकतात. वर्षाला 6.5 टक्क्यांनी 30 दिवसांचं व्याज साधारण 128 पॉइंट. त्यातून डिव्हिडंडचे 20 वजा करा, उरले 108. फ्युचरला फक्त मार्जिन लागतं, म्हणून ते 24,108 च्या आसपास. फारच वर गेलं, तर आर्बिट्राजवाले शेअर घेऊन फ्युचर विकतात.

हा फरक म्हणजे बेसिस. एक्स्पायरीला तो शून्य होतो. निफ्टी हललाच नाही, तरी तुमचे 108 गेले. रोलओव्हर केलात, म्हणजे चालू महिन्याचं विकून पुढच्याचं घेतलंत, की नवं व्याज सुरू! उरलेली रक्कम लिक्विड फंडात नसेल, तर हा खर्च भरून निघत नाही.