व्यूहनीतीची प्रश्नमंजुषा – लेखांक ७ : निळा सागर, लाल सागर आणि गाभाक्षमता

‘ब्लू ओशन’ म्हणजे निळा सागर आणि ‘कोअर कॉम्पिटन्स’ म्हणजे गाभाक्षमता या दोन संकल्पना व्यूहनीतीच्या बहुपर्यायी प्रश्नांत बहुतेक वेळा एकाच पानावर भेटतात, आणि तिथेच त्यांची गल्लत होते. पहिली संकल्पना बाजाराबद्दल आहे : कंपनी कोणाला, काय विकणार आणि त्यासाठी उद्योगाची रूढ चौकट मोडणार की नाही. दुसरी कंपनीच्या आतल्या गोष्टीबद्दल आहे : कोणते कौशल्य तिच्या अनेक उत्पादनांना मुळापासून पोसते. प्रश्न बाहेरचा आहे की आतला, एवढे आधी ठरवले तर चारपैकी दोन पर्याय बहुधा तिथेच गळतात.

निळ्या सागराची मांडणी इन्सिआड या व्यवस्थापन संस्थेतील डब्ल्यू. चॅन किम आणि रेने मोबोर्न्य यांनी केली. त्यांचे त्याच नावाचे पुस्तक २००५ साली आले. ज्या बाजारात सीमा ठरलेल्या आहेत, ग्राहक कोण हे ठरलेले आहे आणि सगळ्या कंपन्या त्याच निकषांवर एकमेकींना मागे टाकायला धावतात, तो लाल सागर. तिथे एकाचा वाटा वाढतो तो दुसऱ्याचा कमी होऊन. निळा सागर म्हणजे अजून कोणी न मोजलेली मागणी. मात्र केवळ ‘स्पर्धक नसलेला बाजार’ ही व्याख्या अपुरी आहे. गिऱ्हाईकच नसलेल्या बाजारातही स्पर्धक नसतात. या मांडणीचा कणा आहे मूल्य-नवता : ग्राहकाला मिळणारे मूल्य वाढवणे आणि स्वतःचा खर्च घटवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे.

इथेच मायकेल पोर्टर यांच्याशी फारकत होते. पोर्टर यांच्या १९८० च्या मांडणीनुसार कंपनीने कमी खर्च किंवा वेगळेपण यांपैकी एक वाट धरावी. दोन्हींच्या मागे लागणारी कंपनी अधांतरी लटकते. किम आणि मोबोर्न्य म्हणतात की ही निवड उद्योगाची चौकट जशीच्या तशी मान्य केल्यामुळे करावी लागते. चौकट बदलली तर दोन्ही साधता येते. ते कसे, हे तपासण्यासाठी त्यांनी चार कृतींची चौकट दिली : उद्योगाने गृहीत धरलेले कोणते घटक काढून टाकायचे, कोणते कमी करायचे, कोणते वाढवायचे आणि कोणते नव्याने निर्माण करायचे. पहिल्या दोन कृतींमुळे खर्च उतरतो, पुढच्या दोन कृतींमुळे मूल्य चढते.

आता एक नमुना-प्रश्न पाहू.

प्रश्न १ : एका कंपनीने नव्या गेम कन्सोलमध्ये प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी ताकदीची चिप वापरली, हाय-डेफिनिशन चित्र वगळले, हात हलवून खेळता येईल असा रिमोट दिला आणि आजवर गेम न खेळणाऱ्या कुटुंबांना विक्री केली. हे धोरण कोणते?
(अ) खर्च-नेतृत्व
(ब) भिन्नता
(क) निळा सागर
(ड) नव्या भौगोलिक बाजारात प्रवेश

वर्णन निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलचे आहे. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, तो ४९९ आणि ५९९ डॉलरला. त्याच महिन्यात वी आला २४९.९९ डॉलरला. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांची चढाओढ ताकदवान प्रोसेसर, झळाळते चित्र आणि मोठी साठवण यांवर चालली होती. हा खर्च एवढा होता की सोनीला सुरुवातीला प्लेस्टेशन ३ उत्पादनखर्चाहून कमी दरात विकावा लागला. निन्टेन्डोने हार्ड डिस्क ठेवली नाही, डीव्हीडीवर चित्रपट पाहण्याची सोय दिली नाही, हाय-डेफिनिशन चित्र सोडून दिले आणि आपल्याच आधीच्या गेमक्यूबच्या प्रोसेसरची सुधारित आवृत्ती वापरली. काढणे आणि कमी करणे इथे झाले. वाढवला तो सोपेपणा, म्हणजे घरातल्या कोणालाही पहिल्या मिनिटाला खेळता येईल असा खेळ. नव्याने आणला तो हालचाल ओळखणारा रिमोट. रॅकेटसारखा हात फिरवला की पडद्यावर टेनिसचा फटका बसे. डझनभर बटणे आधी पाठ करावी लागत नसत.

पर्यायांची चाळणी आता सोपी होते. ‘अ’ पटकन खरा वाटतो, कारण किंमत निम्मी आहे. पण खर्च-नेतृत्वात तीच वस्तू कमी खर्चात बनवली जाते. इथे वस्तूच वेगळी आहे. ‘ब’ हा सर्वांत चकवणारा पर्याय. रिमोट वेगळा आहे हे खरे, पण भिन्नतेत वेगळेपणासाठी खर्च वाढवला जातो आणि तो वाढीव किमतीतून वसूल होतो. इथे वेगळेपण आले आणि खर्चही उतरला. ‘ड’मध्ये बाजार नवा असतो तो नकाशावर, वीचे नवे ग्राहक त्याच शहरांत, त्याच घरांत होते, फक्त आजवर कोणी त्यांना ग्राहक मानले नव्हते. उत्तर ‘क’. प्रश्नातले निर्णायक शब्द दोन : ‘वगळले’ आणि ‘आजवर न खेळणाऱ्या’. काहीतरी काढून टाकल्याचा उल्लेखच नसेल आणि फक्त नवे जोडल्याचे सांगितले असेल, तर उत्तर बहुधा भिन्नता असते.

पुढे काय झाले, यावरही प्रश्न येतात. वीची विक्री दहा कोटींच्या वर गेली. २०१० मध्ये सोनीने ‘मूव्ह’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणून हालचालीवर चालणारे खेळ आपलेसे केले. दरम्यान हलकेफुलके खेळ स्मार्टफोनवर आले. २०१२ मध्ये आलेला ‘वी यू’ दीड कोटीही खपला नाही. म्हणजे निळा सागर कायमचा निळा राहत नाही. दुसरीकडे लाल सागरात राहिलेले बुडाले असेही नाही : प्लेस्टेशन ३ आठ कोटींहून अधिक विकला गेला आणि प्लेस्टेशन ४ ने अकरा कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणून ‘निळा सागर नेहमीच अधिक नफा देतो’ किंवा ‘लाल सागरात स्पर्धा करणे ही चूक आहे’ असे ‘नेहमीच’ आणि ‘कधीच’वाले पर्याय चुकीचे ठरतात.

आता आतल्या बाजूकडे. गाभाक्षमतेची संकल्पना सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात मांडली. कंपनीची तुलना त्यांनी झाडाशी केली. पाने, फुले, फळे म्हणजे ग्राहकाच्या हाती पडणारी उत्पादने. लहान फांद्या म्हणजे व्यवसाय-विभाग. खोड आणि मोठ्या फांद्या म्हणजे गाभा-उत्पादने. आणि मुळे म्हणजे गाभाक्षमता. पाने पाहून झाडाची ताकद कळत नाही, तशी नुसती उत्पादने पाहून कंपनीची ताकद कळत नाही, हा त्यांचा मुद्दा. मुळे ओळखण्यासाठी त्यांनी तीन कसोट्या दिल्या. ती क्षमता अनेक प्रकारच्या बाजारांत शिरण्याची वाट देते का? अंतिम उत्पादनातून ग्राहकाला जाणवणाऱ्या लाभात तिचा मोठा वाटा आहे का? प्रतिस्पर्ध्याला तिची नक्कल अवघड आहे का?

प्रश्न २ : प्रल्हाद आणि हॅमेल यांच्या मांडणीनुसार होंडाची गाभाक्षमता कोणती?
(अ) सर्वाधिक खपणारी मोटारसायकल
(ब) होंडाचे इंजिन
(क) इंजिन आणि शक्तिवहन यंत्रणा घडवण्याचे कौशल्य
(ड) विक्रेत्यांचे व्यवस्थापन

‘अ’ हे फळ आहे. ‘ब’ खोड आहे, म्हणजे गाभा-उत्पादन; हा सर्वांत जास्त फसवणारा पर्याय. वस्तू म्हणून इंजिन विकत घेता येते, उघडून पाहता येते. ते पुन्हापुन्हा अधिक चांगले बनवण्याचे सामूहिक शिक्षण कंपनीत मुरलेले असते, आणि तेच मूळ. हे कौशल्य मोटारसायकल, मोटार, गवत कापण्याचे यंत्र आणि जनरेटर अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या बाजारांत कामी येते, म्हणून पहिली कसोटीही पुरी होते. उत्तर ‘क’. ‘ड’ हा पर्याय मात्र हवेतून आलेला नाही. १९९२ मध्ये जॉर्ज स्टॉक, फिलिप इव्हान्स आणि लॉरेन्स शुलमन यांनी असा आक्षेप घेतला की होंडाचे यश केवळ इंजिनाच्या कौशल्याने समजत नाही. विक्रेत्यांना प्रशिक्षण देण्यासारख्या कार्यप्रक्रियांतही ते आहे. त्यांनी त्याला ‘कॅपेबिलिटी’ म्हटले. त्यामुळे प्रश्नात ‘प्रल्हाद आणि हॅमेल यांच्या मते’ हे शब्द असतील तर ‘क’, आणि ‘स्टॉक यांच्या मते’ असेल तर ‘ड’. लेखकाचे नाव इथे शोभेचे नसते.

दोन्ही संकल्पना एकत्र आणणारा प्रश्न असा विचारला जातो : वीचा रिमोट ही निन्टेन्डोची गाभाक्षमता होती का? तिसरी कसोटीच त्याला नापास करते. चार वर्षांत दोन प्रतिस्पर्ध्यांनी त्याला तोड काढली. रिमोट हे फळ होते. मूळ शोधायचे तर अधिक मागे जावे लागते. ‘गेम बॉय’ घडवणारे अभियंते गुनपेई योकोई रुळलेल्या, स्वस्त झालेल्या तंत्रज्ञानाचा अनपेक्षित वापर करण्याचा आग्रह धरत. १९८९ चा गेम बॉय रंगीत पडद्याविना आला, पण स्वस्त होता आणि बॅटरीवर बराच वेळ चालत असे. तोच विचार वीमध्ये दिसतो. साधे हार्डवेअर आणि त्यावरचा खेळ एकत्र घडवण्याचे हे कौशल्य दुसरी आणि तिसरी कसोटी बऱ्यापैकी पार करते. पहिलीत ते कमी पडते, कारण त्याचा पल्ला खेळांच्या बाजारापलीकडे फारसा जात नाही. कसोट्या लावल्या की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे न येता ‘कुठवर’ असे येते, हे इथे दिसते.

दोन्ही विचारांत एक खरा ताणही आहे, आणि वरच्या पातळीच्या परीक्षेत तोच विचारला जातो. प्रल्हाद आणि हॅमेल मुळांपासून निघतात : हाती काय आहे ते ओळखा, ते वाढवा आणि त्यातून नवे बाजार उभे करा. किम आणि मोबोर्न्य यांनी १९९७ मध्येच उलट दिशा सुचवली होती : सध्याची मालमत्ता आणि क्षमता यांना बांधून न घेता, नव्याने सुरुवात केली असती तर काय केले असते, हा प्रश्न विचारा. एक विचार आतून बाहेर जातो, दुसरा ग्राहकाकडून आत येतो. म्हणून ‘निळ्या सागराची सुरुवात कंपनीच्या गाभाक्षमतेपासून होते’ हे विधान कितीही सुसंगत वाटले, तरी परीक्षेत ते चूक धरावे लागते.