फी किती, हे शेवटी विचारा

एप्रिल लागला की शिकवणीच्या बाईंचा आणि क्लासच्या सरांचा फोन सारखा वाजत असतो. पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "मॅडम, नववीची फी किती?" पलीकडून आकडा येतो. दुसऱ्या क्लासला फोन होतो, तिथला आकडा पहिल्याच्या खाली लिहिला जातो, आणि रात्री जेवताना त्या दोन आकड्यांवर चर्चा रंगते. पण त्या पैशांत मुलाला आठवड्याला किती तास मिळणार, त्या तासात शेजारी किती मुलं असणार आणि समोर कोण शिकवणार, हे कळेपर्यंत त्या आकड्यांची तुलना होऊच शकत नाही. म्हणून फी, बॅचची वेळ आणि डेमो या तीन गोष्टी एकत्रच विचाराव्या लागतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. मुलगी आठवीतून नववीत जाते आहे. माध्यम सेमी-इंग्रजी, बोर्ड महाराष्ट्राचं, शिकवणी हवी ती गणित आणि विज्ञानाची. घराजवळ दोन पर्याय आहेत. एक म्हणजे सोसायटीतच घरी शिकवणाऱ्या बाई : महिना 1,200 रुपये, सोमवार ते शुक्रवार रोज एक तास. दुसरा, चौकातला मोठा क्लास : वर्षाचे 18,000, पण 30 एप्रिलच्या आत एकरकमी भरले तर 15,000. तिथे आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावात ते वेगळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

बाईंना आधी विचारायचं, की फी बारा महिन्यांची की दहा? काही ठिकाणी मे महिन्याचीही फी घेतात, काही ठिकाणी जून ते मार्च. इथे दहा महिने धरू, म्हणजे वर्षाचे 12,000. आता तास मोजू. जूनच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत साधारण 39 आठवडे होतात. गणपती, दिवाळी आणि शाळेच्या परीक्षांचे दिवस वजा केले की शिकवण्याचे 34 आठवडे उरतात. बाईंकडे आठवड्याला पाच तास, म्हणजे वर्षाला 170. तासाला पडतात सत्तर रुपये. मोठ्या क्लासमध्ये आठवड्याला साडेचार तास, वर्षाला 153. तिथे तासाला 98 रुपये. बाई स्वस्त, असं वाटतं.

पण अजून दोन प्रश्न राहिले आहेत. मोठ्या क्लासला विचारायचं, "पंधरा हजार जीएसटी धरून की जीएसटी वेगळा?" खासगी क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे घरगुती शिकवणीत तो सहसा येत नाही. मोठा क्लास तो वेगळा लावत असेल तर 15,000 चे 17,700 होतात आणि तासाचा दर 115 वर जातो. कर लावला असेल, तर पावतीवर क्लासचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा.

बाईंना विचारायचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि तो हमखास राहून जातो : "या तासाला फक्त नववीच असते, की आठवी-नववी एकत्र?" घरगुती शिकवणीत मिश्र बॅच सर्रास चालते. आठवीला उदाहरणं घालून द्यायची आणि तेवढ्यात नववीला नवा धडा शिकवायचा, असा तो तास चालतो. यात लबाडी काही नाही. बाईंकडे एकच खोली आहे आणि संध्याकाळचे मोजके तास आहेत. चांगल्या बाई हे कसबाने निभावतात. पण शिकवण्याचा वेळ अर्धा होतो, हे हिशेबात धरावंच लागतं. 170 तासांतले खरे नववीचे 85 धरले, तर दर 141 रुपये झाला.

अशा वेळी बाईंना सरळ विचारावं : "नववीला वेगळा वेळ देता येईल का?" समजा त्या म्हणाल्या, "सोमवार, बुधवार, शुक्रवार फक्त नववी घेते. मंगळवारी-गुरुवारी दोन्ही वर्ग एकत्र बसतील, तेव्हा अडलेलं विचारायचं." मग नववीचे पक्के तास 102 आणि दर 117 रुपये. म्हणजे वर्षाच्या फीत हजारोंचा फरक दाखवणारे हे दोन पर्याय तासाच्या हिशेबात जवळजवळ सारखे निघाले. आता फरक उरतो तो बाईंकडच्या बारा मुलांचा आणि तिकडच्या चाळिसांचा.

एकरकमी भरण्याची सवलत मोहात पाडते. ती घेण्याआधी, मुलीने दिवाळीत क्लास सोडला तर काय, हे विचारा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना पाठवली. पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी आणि अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये, असं त्यांत आहे. ही तत्त्वं पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना धरून आहेत. घरगुती शिकवणी त्यांत येत नाही. शिवाय त्यांच्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच देऊ नये, असंही म्हटलं आहे, आणि आठवी-नववीचे क्लास तर गल्लोगल्ली भरतात. तेव्हा या कागदाच्या भरवशावर पैसे परत मिळतीलच असं धरून चालू नका. मात्र, "उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देता ना? मग पावतीवर तसं लिहून द्याल का?" असं विचारायला तो चांगला आधार आहे. लिहून द्यायला नकार आला, तर तीन हप्ते मागा. सवलत थोडी गेली तरी चालेल.

आता वेळ. बॅच किती वाजता हे विचारण्याआधी शाळेत एक चौकशी करा : जूनपासून नववी सकाळच्या सत्रात की दुपारच्या? दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत वर्ग बदलला की सत्रही बदलू शकतं, आणि एप्रिलमध्ये ठरवलेली बॅच जूनमध्ये निरुपयोगी होते. आपल्या उदाहरणातली मुलगी आठवीला दुपारी जायची, नववी मात्र सकाळी सातची. म्हणजे उठायचं साडेपाचला. मोठ्या क्लासची वेळ साडेसहा ते आठ. घरी यायला साडेआठ, जेवण नऊला, आणि शाळेचा गृहपाठ त्यानंतर. बाईंची वेळ पाच ते सहा. कागदावर दीड-दोन तासांचा फरक दिसतो, पण या मुलीच्या दिवसात तो झोपेतून वजा होतो. दुपारची शाळा असती, तर पावणेसहाला व्हॅनमधून उतरणाऱ्या मुलीला पाचची बॅच चाललीच नसती.

वेळेबद्दल आणखी एक गोष्ट विचाराच, कारण ती दिवाळीनंतरच उघडी पडते : "जानेवारी-फेब्रुवारीत नववीच्या तासांचं काय होतं?" दहावीची बोर्डाची परीक्षा जवळ आली की शिकवणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडे जातं. दहावीच्या सराव परीक्षा, जादा तास, पेपर तपासणं. मग नववीची वेळ सरकते, तास रद्द होतात, कधी मदतनीस शिक्षक येतात. नेमक्या त्याच सुमारास नववीचा उरलेला पोर्शन संपवायचा असतो. रद्द झालेला तास कधी भरून देता, हे आत्ताच विचारलं तर बहुतेक शिक्षक प्रांजळपणे सांगतात. मागच्या वर्षी नववीत असलेल्या एखाद्या मुलाच्या घरी विचारलंत, तर अधिक नेमकं कळेल.

डेमो मागताना माझं म्हणणं आहे की एक दिवसाचा मागूच नये. पहिल्या दिवसाचा तास कोणालाही रंगवता येतो. शिकवणी कशी आहे हे दुसऱ्या दिवशी कळतं, कारण पहिल्या दिवशी दिलेली उदाहरणं कोणी तपासतं का, चुकलेलं पायरीपायरीने पुन्हा समजावतं का, हे तेव्हाच दिसतं. म्हणून सलग तीन तास मागा, आणि तेही ज्या बॅचमध्ये बसणार त्याच बॅचमध्ये. "सर, डेमो आणि बॅच दोन्ही तुम्हीच घेता ना?" हे विचारायला संकोचू नका. मोठ्या क्लासमध्ये डेमोला मुख्य सर आणि जूनपासून दुसरेच, असं घडू शकतं.

फुकट तीन तास द्यायला कोणी तयार नसेल, तर त्यात राग मानण्यासारखं काही नाही. चार क्लासचे डेमो करून पाचवीकडे जाणाऱ्या पालकांमुळे शिक्षकांच्या बॅचची घडी विस्कटते. आपणच म्हणावं, "एका आठवड्याचे पैसे देते, मग ठरवू." बाईंच्या फीत ते तीनशेच्या आसपास होतात. बारा हजारांच्या निर्णयासाठी ही रक्कम फार नाही.

घरी आल्यावर "कसं शिकवतात?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी वहीतलं एक उदाहरण घ्या. दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू असतील तर त्यातलंच एक, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोऱ्या कागदावर सोडवायला सांगा. वही बंद. वहीत नेटकी उत्तरं आणि कोरा कागद कोराच, तर तासभर फळ्यावरचं उतरवून घेणं चाललं होतं. एक-दोन पायऱ्या चुकल्या पण रीत कळलेली दिसली, तर तास सार्थकी लागला. शिवाय विचारा : आज कोणी शंका विचारली का, आणि मग काय झालं? सलग तीन दिवस उत्तर "कोणीच नाही" असं आलं, तर त्या खोलीत शंका विचारायची सोय नाही, मग मुलं बारा असोत की चाळीस.

एक खबरदारी. मुलीच्या शाळेतले शिक्षकच घरी शिकवणी घेत असतील, तर शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याकडेच फी भरायची, यात तुमचीही अडचण आहे. दहावीला गणिताच्या दोन भागांचे लेखी पेपर चाळीस-चाळीस गुणांचे असतात आणि वीस गुण शाळेकडून येतात, हे लक्षात घेतलं तर ही अडचण कुठे बोचते ते कळेल.

आपल्या उदाहरणातल्या आईने दोन्हीकडे तीन-तीन तास मुलीला बसवलं. मोठ्या क्लासमध्ये शिकवणं उत्तम होतं, पण गृहपाठाची वही तिन्ही दिवस बंदच राहिली. बाईंनी दुसऱ्या दिवशी बाराही वह्या पाहिल्या आणि मुलीची चिन्हाची चूक तिच्याकडूनच शोधून घेतली. दर सारखा, वेळ सोयीची, निर्णय झाला. मग आईने बाईंना व्हॉट्सअॅपवर एवढंच लिहिलं : "नमस्कार मॅडम. बोलल्याप्रमाणे जून ते मार्च, महिना 1,200, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत देईन. सोम-बुध-शुक्र पाच ते सहा फक्त नववी, मंगळ-गुरू शंकांसाठी. तास रद्द झाल्यास रविवारी भरून देणार. बंद करायचं झाल्यास मी महिनाभर आधी कळवेन. काही राहिलं असेल तर सांगा." बाईंनी उत्तर पाठवलं, की गणपतीचे पाच दिवस सुट्टी असते, ते तास भरून देत नाही. आईने तेही त्या निरोपात घातलं.