नाला सकाळीच ओलांडा

मनाली ते लेह हे अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. आपल्याकडच्या महामार्गावर मोटारसायकलवर ते एका दिवसात होतं, म्हणून अनेकजण इथेही दोनच दिवसांचा बेत आखतात. पण या रस्त्यावर किलोमीटर मोजून बेत ठरत नाही, तो घड्याळ पाहून ठरवावा लागतो.

कारण आहे वितळणारा बर्फ. झिंगझिंगबार ते बारालाचा ला या पट्ट्यात ठिकठिकाणी नाले थेट रस्त्यावरून वाहतात. रात्री थंडीने बर्फ गोठतो, त्यामुळे सकाळी सातला नाल्यात घोटाभर पाणी असतं. ऊन चढतं तसं पाणी वाढतं आणि दुपारी तीनला तोच नाला गुडघ्याला लागतो. तळातले गोटे दिसेनासे होतात. म्हणून पहिल्या दिवशी अटल बोगद्यातून शंभरेक किलोमीटरवरच्या जिस्पाला थांबावं, तिथे आणखी एक रात्र काढून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी आणि मग पहाटे निघावं. नाल्याशी पोचल्यावर लगेच गाडी घालू नये. एखादा ट्रक जाऊ द्यावा, त्याची चाकं कुठे खोल जातात ते पाहावं. मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारखं रेझ देत, मध्येच न थांबता पार व्हावं.

तरीही बूट भिजतात, आणि त्यानंतर पाच हजार मीटरजवळच्या वाऱ्यात ओल्या पायांनी तासन्‌तास गाडी चालवायची असते. बोटं बधिर झाली की ब्रेक आणि गिअर नीट कळत नाहीत. म्हणून माझ्या मते महागड्या जॅकेटपेक्षा आधी पैसे घालावेत ते पाणी न शिरणाऱ्या उंच बुटांवर आणि हातमोज्यांवर. लोकरीचे कोरडे मोजे मात्र हाताशी हवेत, बॅगेच्या तळाशी नकोत.

पेट्रोलचा हिशेब कागदावर करावा. तांडीचा पंप सोडला की लेहच्या बाजूला कारूपर्यंत भरवशाचा पंप नाही, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. चढावर गाडी लिटरला पंचवीस देते असं धरलं तर चौदा लिटर लागतात. टाकी तेवढीच असेल, तर पाच लिटरचा कॅन सोबत हवाच. दुरुस्तीचं सामान थोडकंच असावं: ट्यूब, पंक्चर किट, पंप, प्लग, क्लचचा लिव्हर. क्लच केबल मात्र जुनीच्या शेजारून आधीच ओवून बांधून ठेवावी. तुटली तर गारठलेल्या हातांनी फक्त टोकं जोडायची राहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मनालीकडच्या बाजूला पावसाने दरडी कोसळतात. सप्टेंबरचा पूर्वार्ध सर्वांत चांगला, कारण तेव्हा पाऊस ओसरतो आणि नालेही उतरतात. महिना संपत आला की बारालाचावर एका रात्रीत बर्फ पडू शकतो. दारच्याच्या चौकीवर पुढचा रस्ता बंद असल्याचं कळलं, तर तिथूनच केलाँगला परतून मुक्काम करावा. पुढे सरचूपर्यंत मुक्कामाचं गाव नाही, आणि सरचूचे तंबू तर जिस्पाहून हजार मीटर उंच आहेत.