हळदीच्या दराचे पूर्वानुमान : सादरीकरणात विचारावयाचे काही प्रश्न

प्रस्तावना :

वाणिज्य, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांच्या प्रकल्प-सादरीकरणांत अलीकडे कालश्रेणीवर आधारित पूर्वानुमान हा विषय वारंवार निवडला जातो. हिंगोली जिल्ह्यात त्यासाठी हळदीच्या दराइतका सोयीचा विषय दुसरा नाही. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतचा बाजार यांचे दर उपलब्ध असतात आणि संगणकावर काही मिनिटांत आलेख तयार होतो. सादरीकरण संपल्यावर मात्र परीक्षक म्हणून बसलेल्या आपल्यापैकी अनेकांची अडचण होते. विषय आपला नसेल तर आपण संदर्भग्रंथांविषयी किंवा नमुन्याच्या आकाराविषयी एखादा प्रश्न विचारतो व गुण देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात एक काल्पनिक, परंतु आपणा सर्वांच्या परिचयाचे वाटेल असे सादरीकरण घेऊन त्याला कोणते प्रश्न विचारावयास हवेत याचा विचार केला आहे. त्यातील आकडे, जेथे वर्षाचा व घटनेचा उल्लेख आहे ते वगळता, उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

समजा, विद्यार्थ्याने जून २०२० ते मे २०२५ अशा साठ महिन्यांचे सरासरी दर घेतले आहेत. मे महिन्याचा दर क्विंटलला १४,००० रुपये आहे. त्याचे अनुमान असे, की सप्टेंबरात दर १४,८४० रुपये राहील आणि त्यात फार तर १,७०० रुपयांचा फरक पडेल. निर्धारण गुणांक ०.९४ आहे. ‘शेतकऱ्यांनी हळद सप्टेंबरपर्यंत राखून ठेवावी’ अशी शिफारस शेवटच्या पानावर आहे. ही शिफारस ऐकणाऱ्यांत हळद वखारीत ठेवून तारण कर्ज घेतलेल्या घरची मुले बसलेली असतात, हे येथे विसरता येत नाही.

दीर्घकालीन प्रवृत्ती कोठून सुरू होते?

पहिला प्रश्न साधा आहे : आलेख जून २०२० पासूनच का सुरू केला? ‘तेवढीच माहिती मिळाली’ हे उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यामुळे सरळ रेषेचा उतार निवडलेल्या आरंभबिंदूवर अवलंबून राहतो ही गोष्ट बदलत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशातील हळदीचे दर सहा-सात हजारांच्या आसपास होते आणि ऑगस्टपर्यंत ते दुपटीहून अधिक झाले. या एका उसळीच्या आधी आरंभ आणि नंतर शेवट असलेली कोणतीही रेषा चढतीच दिसणार.

चढती रेषा पुढे ओढण्यात काय धोका असतो, याचा दाखला याच पिकात आहे. २००८ च्या सुमारास चार हजारांच्या आसपास असलेला दर २०१० साली पंधरा हजारांच्या घरात पोचला. त्या अडीच-पावणेतीन वर्षांची रेषा वर्षाला सुमारे चार हजारांची वाढ दाखविते. तीच पुढे ओढली असती तर २०१२ च्या मध्यास वीस हजारांहून अधिक दराचे अनुमान निघाले असते. प्रत्यक्षात २०१२ च्या पूर्वार्धात दर पुन्हा चार हजारांच्या आसपास आला होता.

यात दुर्दैवाचा भाग थोडा व शेतीच्या अर्थशास्त्राचा भाग मोठा होता. हळदीची लागवड मे-जूनमध्ये होते व काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मागील हंगामाचा दर असतो. दर चढला की पुढील लागवडीचे क्षेत्र वाढते आणि तो माल वर्षभराने बाजारात उतरतो. म्हणजे चढती किंमतच पुढील उताराची तयारी करीत असते. म्हणून प्रवृत्तीविषयी विचारावयाचा खरा प्रश्न असा : ही रेषा पुढेही चालू राहील असे मानण्यास लागवड, साठा किंवा मागणी यांतील कोणते कारण आहे? कारण सांगता येत नसेल, तर ती रेषा मागील काळाचे वर्णन म्हणून ठेवावी. पूर्वानुमानात तिला स्थान देऊ नये.

हंगाम कोणाचा?

हळदीला हंगाम आहे, यात शंका नाही. पण तो आवकेचा की दराचा, हे विद्यार्थ्याला विचारले पाहिजे. काढणी, शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे यानंतर नवा माल मार्चपासून मोठ्या प्रमाणावर येऊ लागतो, म्हणून आवकेचा आलेख दरवर्षी जवळपास त्याच महिन्यांत उंचावतो. दराचे तसे होईलच असे नाही. वाळलेली हळद टिकते. काढणीनंतर दर हमखास पडतो आणि सप्टेंबरात हमखास चढतो असे सर्वांना माहीत झाले, तर व्यापारी मार्चमध्येच अधिक खरेदी करतील व तो फरक साठवणुकीच्या खर्चाइतकाच उरेल. टोमॅटोच्या बाबतीत असे घडू शकत नाही, कारण तो थांबत नाही. टिकाऊ मालाच्या दरात मोठा व नियमित हंगाम दाखविणारे सादरीकरण त्यामुळेच संशयाने पाहावे.

आता विद्यार्थ्याचा सप्टेंबरचा निर्देशांक कसा आला ते पाहू. रूढ पद्धतीप्रमाणे त्याने बारा महिन्यांची केंद्रित सरकती सरासरी काढली आणि प्रत्येक महिन्याच्या दराचे त्या सरासरीशी शेकडा प्रमाण काढले. या पद्धतीत आरंभीचे सहा व शेवटचे सहा महिने गळतात. साठांपैकी अठ्ठेचाळीस महिने उरतात, म्हणजे प्रत्येक महिन्यासाठी केवळ चार प्रमाणे मिळतात. सप्टेंबरची प्रमाणे अशी समजा : २०२१ मध्ये ९७, २०२२ मध्ये ९९, २०२३ मध्ये १२५ आणि २०२४ मध्ये १०३. त्यांची सरासरी १०६ येते. मेचा निर्देशांक १०० असल्यास सप्टेंबरात सहा टक्के वाढ, म्हणजे १४,००० चे १४,८४०. प्रवृत्तीचा हातभार नसतानाही अनुमान तयार झाले!

पण २०२३ हे एक वर्ष बाजूला ठेवले तर उरलेल्या तिघांची सरासरी शंभराहून किंचित कमी येते आणि संपूर्ण वाढ नाहीशी होते. ८४० रुपयांची वाढ हा सप्टेंबर महिन्याचा गुण नव्हता. एका वर्षातील उसळीला चारने भागून तिला हंगाम हे नाव दिले गेले होते. परीक्षकाने म्हणूनच निर्देशांकाचा तक्ता न मागता त्यामागील वर्षवार प्रमाणे मागावीत. चार आकडे फळ्यावर लिहिले की संख्याशास्त्राचा अभ्यास नसलेल्यालाही गोम दिसते. सरासरीऐवजी मध्यक घेणे हा उपाय आहे, परंतु चार निरीक्षणांवर तोही फार विसंबण्याजोगा नाही.

येथे आणखी एक बारीक गोष्ट. बाजारातील ‘सर्वसाधारण दर’ हा एकाच मालाचा दर नसतो. कांडी आणि गट्टू यांचे दर निराळे असतात व नव्या मालात ओलावा अधिक असतो. कोणत्या महिन्यात कोणता माल अधिक आला यावरही सरासरी हलते. ज्याने बाजारात उभे राहून एक लिलाव पाहिला आहे त्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागत नाही.

एवढी खात्री कोठून आली?

निर्धारण गुणांक ०.९४ असल्याचे ऐकून आपण प्रभावित होतो. परंतु या महिन्याचा दर मागील महिन्याच्या दराजवळच असतो. ‘पुढील महिन्याचा दर या महिन्याइतकाच राहील’ एवढे वाक्य लिहिले तरी गुणांक मोठाच येईल. म्हणून विचारावे : या भोळ्या अनुमानापेक्षा तुमचे अनुमान किती सरस ठरले? तुलना करताना शेवटचे बारा महिने झाकून ठेवावेत, एकेक महिना पुढे सरकावे आणि प्रत्येक वेळी त्या दिवसापर्यंतचीच माहिती वापरावी. विद्यार्थ्याची सरासरी चूक नऊ टक्के आणि भोळ्या अनुमानाची सात टक्के निघाली, तर पुढील चर्चा फारशी उरत नाही. येथे एक चूक नकळत घडते. हंगामी निर्देशांक संपूर्ण साठ महिन्यांवरून आधीच काढलेले असतात, त्यामुळे झाकलेल्या महिन्यांची उत्तरे त्यांतून आत शिरतात.

पट्ट्याच्या रुंदीचे गणित याहून सोपे आहे. दर महिन्याच्या बदलाचे प्रमाण विचलन सहा टक्के आहे असे समजा. १४,००० चे सहा टक्के म्हणजे ८४० आणि त्याची दुप्पट सुमारे १,७००. विद्यार्थ्याने दाखविलेला पट्टा हाच. पण तो एक महिना पुढचा आहे. महिन्यामहिन्याचे बदल परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर अनिश्चितता काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चार महिन्यांसाठी ती दुप्पट, म्हणजे बारा टक्के होते आणि तिची दुप्पट चोवीस टक्के. म्हणजे सप्टेंबरचा पट्टा सुमारे अकरा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत पसरतो. आलेखावर पूर्वानुमानाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा समांतर दिसल्या की हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या पुढे फाकत जावयास हव्यात. २०१० किंवा २०२३ सारखी उसळी त्या सहा टक्क्यांत मोजली गेली नसेल तर हा रुंद पट्टाही अपुराच.

मोठ्या संस्थांनाही हा अनुभव आला आहे. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले सोळा घटकांचे मान्सून प्रारूप भारतीय हवामान विभागाने १९८८ पासून वापरले. अनेक वर्षे अनुमान ‘सर्वसाधारण’ असे येत राहिले व पाऊसही तसाच पडत राहिला. त्या प्रारूपाची चूक अधिक-उणे चार टक्के सांगितली जाई. २००२ साली अनुमान दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के होते, प्रत्यक्ष पाऊस ८१ टक्के झाला. फरक वीस टक्क्यांचा, म्हणजे सांगितलेल्या चुकीच्या पाचपट. विभागाने २००३ मध्ये प्रारूपे बदलली व अनुमान दोन टप्प्यांत देण्यास सुरुवात केली. तरीही २००९ मध्ये एप्रिलचे अनुमान ९६ टक्के, जूनचे ९३ टक्के आणि प्रत्यक्ष पाऊस ७८ टक्क्यांच्या आसपास होता. ज्या काळात दुष्काळ पडला नाही त्या काळावरून मोजलेली चूक दुष्काळाविषयी काही सांगू शकत नाही, हा तांत्रिक मुद्दा त्यातून घ्यावयाचा. शास्त्रज्ञांना नावे ठेवणे सोपे असते.

शिफारशीचा हिशेब :

राहिली ती शेवटच्या पानावरील शिफारस. मे ते सप्टेंबर हळद राखण्यासाठी व्याज महिना एक टक्का धरले तर चार महिन्यांचे ५६० रुपये होतात. वखारीचे भाडे व वजनातील घट मिळून आणखी १५० धरू. खर्च ७१० आणि अपेक्षित वाढ ८४०. विद्यार्थ्याचे अनुमान तंतोतंत खरे ठरले तरी हाती १३० रुपये राहतात, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंनी साडेतीन हजारांची अनिश्चितता पत्करावयाची. ज्याच्या घरी तारण कर्जाची मुदत ऑगस्टात संपते त्याला या पट्ट्याची खालची कड महत्त्वाची, मधला आकडा नव्हे. ‘दर अकरा हजारांवर आला तर तुम्ही कोणती शिफारस कराल?’ असा प्रश्न विचारल्यास विद्यार्थी बहुधा गप्प होतो. त्या शांततेचे गुण कापू नयेत, असे मला वाटते.

अंतर्गत मूल्यमापनात मी आता एक छोटी अट घालतो. विद्यार्थ्याने आपले अनुमान, त्याची खालची व वरची मर्यादा आणि तारीख एका पाकिटात लिहून विभागात जमा करावी. सोबत भोळे अनुमानही लिहावे. ज्या महिन्याचे अनुमान आहे तो महिना संपल्यावर पाकीट पुढील वर्षाच्या वर्गासमोर उघडले जाते आणि आकडे एका वहीत नोंदविले जातात. सादरीकरणास बसणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ती वही प्रथम वाचावी लागते.