दरीच्या काठावरचा विश्वास

अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हा नुसता बुद्धीचा ढिसाळपणा नाही, तो नैतिक अपराध आहे, असे इंग्लंडमधील गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात मांडले. त्यासाठी त्याने एका जहाजमालकाची गोष्ट रचली. जहाज जुने आहे, अनेकदा डागडुजी झालेले आहे आणि त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबे जाणार आहेत. मालकाला शंका येते. पण तपासणी म्हणजे खर्च. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल; शिवाय परमेश्वर आहेच. हळूहळू त्याची मनापासून खात्री पटते. जहाज भर समुद्रात बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो.

क्लिफर्डची खरी धार यापुढच्या वाक्यांत आहे. समजा, जहाज सुखरूप पोचले असते, तरी मालक तितकाच दोषी ठरला असता. कारण प्रश्न विश्वास खरा निघाला की खोटा, हा नाही. तो कशाच्या बळावर धरला, हा आहे. ही भूमिका म्हणजे पुरावावाद: विश्वासाचे माप पुराव्याच्या मापाइतकेच असावे आणि पुरावा नसेल तिथे निर्णय राखून ठेवावा.

अमेरिकी तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९६ मध्ये ‘द विल टू बिलीव्ह’ या व्याख्यानात याला उत्तर दिले. मनाला येईल ते खरे मानावे, असे त्याचे म्हणणे मुळीच नव्हते, तरी टीकाकारांनी ते अनेकदा तसेच वाचले. त्याने मोकळीक दिली ती फार थोड्या प्रसंगांपुरती. दोन्ही पर्याय माणसाला मनातून शक्य वाटणारे हवेत. निवड टाळण्याची सोय नसावी, म्हणजे न निवडणे हेही एका बाजूला जाणेच ठरावे. आणि निर्णय क्षुल्लक किंवा पुन्हा बदलता येण्याजोगा नसावा. इतके असूनही प्रश्न मुळातच पुराव्याने सुटणारा नसेल, तरच मनाच्या ओढीने कौल द्यायला हरकत नाही. जहाजमालकाला या दारातून आत येता येत नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर गोदीतल्या सुताराकडे होते. त्याने ते विचारले नाही, एवढेच.

जेम्सचा मूळ मुद्दा असा की, बुद्धीपुढे दोन कामे असतात: सत्य मिळवणे आणि चूक टाळणे. ही दोन कामे एकच नव्हेत. चूक टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काहीच न मानणे, पण मग सत्यही हातचे जाते. क्लिफर्ड चुकीला अधिक भितो आणि ही भीतीसुद्धा एक भावनाच आहे, पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

जेम्सच्या बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण मात्र त्याच्या दुसऱ्या निबंधांत आले आहे, ते गिर्यारोहकाचे. आल्प्समध्ये एक माणस अशा जागी अडकला आहे की, सुटकेसाठी दरीवरून उडी मारण्यावाचून मार्ग नाही. अशी उडी त्याने पूर्वी मारलेली नाही, म्हणजे पुरावा हाती नाही. ‘आपण पोचू’ अशी खात्री असेल तर पाय घट्ट रोवले जातील. शंका असेल तर ऐन क्षणी तो कचरेल आणि पडेल. इथे विश्वास हा वस्तुस्थितीचा एक घटकच आहे.

पुरावावादी याला काय उत्तर देतील, हे थोडे आकडे धरून पाहणे सोयीचे आहे. आकडे अर्थातच कल्पित आहेत. समजा, शंका असताना उडी यशस्वी होण्याची शक्यता शंभरात तीस आहे आणि खात्री असताना सत्तर. गिर्यारोहकाला हे ठाऊक आहे. तर खात्री धरल्यानंतर त्याच्याजवळचा पुरावाही ‘बहुधा पोचशील’ असेच सांगतो! ‘बहुधा पोचेन’ एवढाच विश्वास त्याने ठेवला, तर क्लिफर्डलाही तक्रारीला जागा उरत नाही. गंमत अशी की, तो शंका धरून बसला, तर ती शंकाही पुराव्याला धरूनच असेल. दोन्ही मनःस्थिती आपापल्या जागी पुराव्याशी जुळतात, म्हणून दोहोंतली कोणती पत्करायची हे पुरावा सांगू शकत नाही. ही जागा जेम्सला द्यावीच लागते. ती लहान आहे, पण खरी आहे.

आता आकडे बदलून पाहावेत. शंका असताना शक्यता दहा, खात्री असताना पस्तीस. खात्रीचा फायदा अजूनही मोठा आहे. पण खात्री धरूनही शंभरातील पासष्ट वेळा तो पडणारच. ‘मी पोचेन’ हा विश्वास आता उपयोगी आहे आणि पुराव्याच्या विरुद्धही. नेमक्या इथे दोन पक्ष वेगळे होतात. पुरावावादी म्हणतो: उडी जरूर मार, जीव तोडून मार, आशाही धर, पण आशा आणि विश्वास एक नव्हेत. एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवल्याने लाभ होईल, हे ती गोष्ट खरी असल्याचे कारण होत नाही. आकाशातील ताऱ्यांची संख्या सम आहे असे मानल्याबद्दल कोणी दहा लाख रुपये देऊ केले, तर तसे मानता यावे असे वाटण्याला भक्कम कारण मिळते. ताऱ्यांबद्दल मात्र काहीच कळत नाही. शिवाय पैशांसाठी लगेच तसे मानून दाखवणे कोणाला जमणारही नाही. ठरवले आणि विश्वास बसला, असे होत नाही, हा मुद्दा पुढे बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने नेमकेपणाने मांडला. मराठीत भरवसा, समजूत, श्रद्धा, आशा असे शब्द वेगवेगळे आहेत, त्यामुळे हा भेद मराठी वाचकाला चटकन पटावा.

यावरून एक कसोटी हाती लागते: विश्वासाचा हात वस्तुस्थितीपर्यंत पोचतो का? उडीत पोचतो. मैत्रीतही पोचतो, समोरचा आपल्याला आपले मानतो असे धरून मोकळेपणाने वागणाऱ्यालाच पुष्कळदा मित्र मिळतो, हे जेम्सचे निरीक्षण बरोबर आहे. जहाजाच्या फळ्यांना मात्र मालकाच्या मनाशी काही देणेघेणे नसते.

जेम्सला खरे तर धर्मश्रद्धेचे समर्थन करायचे होते आणि अडचण तिथेच येते. ईश्वर आहे की नाही, हे कोणाच्या मानण्याने ठरत नाही; म्हणजे गिर्यारोहकाचा दाखला इथे लागू पडत नाही. जेम्सने म्हणून वेगळा युक्तिवाद केला: कदाचित जो आधी पाऊल पुढे टाकतो त्यालाच इथला पुरावा दिसत असेल, आणि पुराव्याची वाट पाहत बसणारा त्याला कायमचा मुकत असेल. बर्ट्रांड रसेलचे यावरचे उत्तर साधे आहे. एखादी गोष्ट गृहीत धरून वागता येते, त्यासाठी ती खरी मानावी लागत नाही. डॉक्टर पक्के निदान होण्याआधी औषध सुरू करतो, तेव्हा त्याने निदानावर विश्वास ठेवलेला नसतो; परिणाम बघून तो औषध बदलतो. श्रद्धा अशी हातचे राखून करता येत नाही, असे जेम्सच्या बाजूने म्हणता येईल आणि त्यात तथ्य आहे. पण हातचे न राखता पाऊल टाकणाऱ्याला जे दिसते, ते पुराव्यामुळे दिसले की ओढीमुळे, हे ओळखण्याचा उपाय जेम्सने दिला नाही. त्याचा युक्तिवाद उडीपुरता आणि मैत्रीपुरता टिकतो, ईश्वरापाशी सैल पडतो.

व्याख्यानाचे शीर्षक मात्र जेम्सलाच पुढे खटकले. ‘प्रॅग्मॅटिझम’ या १९०७ च्या पुस्तकात त्याने लिहिले की, तो निबंध विश्वास ठेवण्याच्या हक्काविषयी होता, त्याला इच्छेचे नाव देणे दुर्दैवी ठरले.