पत्रे लिहिली की लिहिले?

‘पुढीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा.’ तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की एमपीएससीची एखादी परीक्षा, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतोच. तलाठी भरतीच्या २०० गुणांपैकी ५० गुण मराठीचे. म्हणजे अशा एका प्रश्नाने यादीत वरखाली होण्याइतका फरक पडू शकतो. प्रश्न साधारण असा असतो:

सुरेखाने दोन पत्रे –
(१) लिहिला (२) लिहिले (३) लिहिली (४) लिहिल्या

‘लिहिला’ आणि ‘लिहिल्या’ हे पर्याय बहुतेक जण लगेच खोडतात. उरतात ‘लिहिले’ आणि ‘लिहिली’. इथे अनेकांचा हात ‘लिहिले’कडे वळतो. ‘पत्रे’च्या शेवटी ए आहे, ‘लिहिले’च्या शेवटीही ए आहे, जोडी जमल्यासारखी दिसते. शिवाय ‘आंबे खाल्ले’, ‘पैसे दिले’ हे रोजचे बोलणे कानात असतेच. पण बरोबर उत्तर ‘लिहिली’ आहे. सुरेखा मुलगी आहे म्हणून नव्हे. सुरेखाच्या जागी सुरेश आला तरी ‘सुरेशने दोन पत्रे लिहिली’ असेच वाक्य होईल.

हा घोटाळा होतो कसा, ते समजायला मराठीचा भूतकाळ नीट पाहावा लागतो. भविष्यकाळात लिंगाचा प्रश्नच येत नाही. तो येईल, ती येईल, ते येईल. भूतकाळात मात्र तीन लिंगे आणि दोन वचने मिळून सहा घरे तयार होतात. मुलगा आला, मुलगे आले. मुलगी आली, मुली आल्या. मूल आले, मुले आली. घरे सहा, पण रूपे चारच: आला, आली, आले, आल्या. दोन रूपांना दोन-दोन घरी राबावे लागते. ‘आले’ हे पुल्लिंगी अनेकवचनही आहे आणि नपुंसकलिंगी एकवचनही. ‘आली’ हे स्त्रीलिंगी एकवचनही आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही. प्रश्न काढणारे नेमके या दोन रूपांवर बोट ठेवतात.

पूर्वीच्या छापील पुस्तकांत या जोड्या डोळ्यांना वेगळ्या दिसत असत. ‘मुलगी आली’ साधे, तर ‘मुलें आलीं’ अनुस्वारासह लिहिले जाई. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार लेखनातून गेले. लिहिणे सोपे झाले, पण नपुंसकलिंगी अनेकवचनाची खूणही त्याबरोबर गेली.

बोलताना ही अडचण फारशी येत नाही, कारण जीभ अजूनही फरक पाळते. घरात कोणी ‘पत्रे लिहिले’ म्हणत नाही, ‘पत्रं लिहिली’ म्हणते. एकच पत्र असेल तर ‘पत्र लिहिलं’ आणि आंबे असतील तर ‘आंबे खाल्ले’. नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटी येणारा तो ‘अं’चा उच्चार प्रमाण लेखनात ‘ए’ होतो. त्यामुळे ‘आंबे’ आणि ‘पत्रे’ कागदावर सारखे दिसतात. परीक्षेत याचा थेट उपयोग करता येतो. वाक्य मनातल्या मनात बोली रूपात म्हणून पाहायचे. ‘आंबं’ असे कोणी म्हणत नाही, पण ‘पत्रं’, ‘फळं’, ‘झाडं’, ‘पुस्तकं’ सगळेच म्हणतात. जो शब्द ‘अं’ घेतो तो नपुंसकलिंगी अनेकवचनी, आणि त्याचे क्रियापद ‘ली’वर संपायला हवे: फळे आणली, झाडे तोडली, पुस्तके वाचली.

ज्यांच्या गावच्या बोलीत हा उच्चार वेगळा असेल त्यांनी एकवचनाकडे जावे. ‘तो आंबा’ म्हणून आंबे खाल्ले. ‘ते पत्र’ म्हणून पत्रे लिहिली. ‘ती वही’ म्हणून वह्या लिहिल्या. वादळाच्या बातमीतले एखादे वाक्य घेतले तर तिन्ही प्रकार एकत्र सापडतात: ‘झाडे पडली, रस्ते बंद झाले आणि गाड्या अडकल्या.’ ते झाड, तो रस्ता, ती गाडी. या वाक्यात ‘झाडे पडले’ असे छापून आले तर चूक पटकन नजरेत भरत नाही, कारण शेजारी ‘रस्ते झाले’ हे बरोबर रूप उभे असते.

लिंग-वचन कळले तरी दुसरा प्रश्न उरतो. वाक्यात नामे दोन-तीन असतात, मग क्रियापदाने ऐकायचे कोणाचे? शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांच्या व्याख्या पाठ होतात, पण परीक्षेच्या घाईत त्या आठवत बसण्यापेक्षा एक गोष्ट तपासली तरी काम होते. कर्ता आणि कर्म यांपैकी कोणाला प्रत्यय लागलेला नाही, ते पाहायचे. कर्त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्त्याचे ऐकते: ‘राधा बाजारात गेली.’ कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला आणि कर्म मोकळे राहिले तर ते कर्माचे ऐकते: ‘राधाने लाडू खाल्ला’, ‘राधाने चिंच खाल्ली’, ‘राधाने लाडू खाल्ले’. कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला, तर क्रियापद कोणाचेच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: ‘पोलिसांनी चोराला पकडले’, ‘पोलिसांनी चोरांना पकडले’, ‘पोलिसांनी त्या महिलेला पकडले’.

मग ‘पोलिसांनी त्या महिलेला अटक केली’ या वाक्यात ‘केली’ कुठून आले? महिलेमुळे नाही. इथे प्रत्यय न लागलेले नाम ‘अटक’ आहे, ते स्त्रीलिंगी आहे आणि क्रियापद त्याच्यामागे गेले आहे. म्हणून ‘चोराला अटक केली’ आणि ‘चोरांना अटक केली’ यांतही ‘केली’च राहते. ‘मला आंबा आवडला’, ‘मला आंबे आवडले’, ‘मला कविता आवडली’ या वाक्यांचे गणितही तेच. ज्याला आवडते त्याला ‘ला’ लागलेला आहे, म्हणून क्रियापद आवडणाऱ्या वस्तूकडे वळते.

या तपासणीला दोन ठिकाणी जपावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे ‘मी’ आणि ‘तू’. ‘त्याने पोळी खाल्ली’ यात ‘ने’ डोळ्यांसमोर असतो. ‘मी पोळी खाल्ली’ यात तो दिसत नाही, तरी क्रियापद पोळीचेच ऐकते. ‘मी’ला इथे तृतीया आहे, तिचा प्रत्यय फक्त दिसत नाही. बोलणारा मुलगा असो वा मुलगी, ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मी लाडू खाल्ला’ यांत बदल होत नाही. ‘तू’चे वाक्य तर आणखी बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘तू पोळी खाल्लीस’ या क्रियापदातला ‘ली’ पोळीचा आहे आणि शेवटचा ‘स’ तू-चा. एकच क्रियापद दोघांची खूण बाळगते. व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. पर्यायांत ‘तू पोळी खाल्लास’ दिसले तर त्यात ‘स’ बरोबर आहे, पण त्याच्या आधीचे रूप पोळीशी जुळत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे काही मोजकी क्रियापदे. शिकणे, विसरणे, बोलणे यांना कर्म असते, पण भूतकाळातही त्यांचा कर्ता ‘ने’ घेत नाही. ‘मोहन आपली वही घरी विसरला’ हे शुद्ध, ‘मोहनने आपली वही घरी विसरली’ हे अशुद्ध. ‘सुनीता पोहणे शिकली’ हे शुद्ध, ‘सुनीताने पोहणे शिकले’ हे अशुद्ध. ‘म्हणणे’ या क्रियापदाची तर दोन रूपे आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी: ‘ती म्हणाली’, पण ‘तिने म्हटले’. पर्यायांत ‘तिने म्हणाली’ किंवा ‘ती म्हटले’ असे मिश्रण हमखास ठेवलेले असते. ही क्रियापदे थोडीच असल्याने वेगळी लक्षात ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

काही प्रश्न मात्र दिसतात तितके सरळ नसतात. ‘आईने मुलीला निजवले’ हे वर सांगितलेल्या नियमात बसते. पण ‘आईने मुलीला निजवली’ असेही मराठी माणसे बोलतात आणि व्याकरणाच्या पुस्तकांनी कर्म-भावसंकर म्हणून त्याची दखल घेतली आहे. दोन्ही वाक्ये पर्यायांत असतील तर ‘निजवले’ निवडणे सुरक्षित. तीच गोष्ट ‘वेळ’, ‘बाग’, ‘तंबाखू’ अशा शब्दांची. ते पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असे दोन्हीकडे चालतात, म्हणून ‘बाग फुलला’ आणि ‘बाग फुलली’ यांतले एक चूक ठरवणारा प्रश्नच मुळात सदोष म्हणावा लागतो. ‘नवरा-बायको भांडत होते’ आणि ‘नवरा-बायको भांडत होती’ हीदेखील दोन्ही प्रचारात आहेत. पहिल्यात अनेकवचन पुल्लिंगी आहे, दुसऱ्यात नपुंसकलिंगी.

बोलीचा मुद्दाही इथेच येतो. कोल्हापूरकडच्या अनेक बायका सहज ‘मी गेलो’ म्हणतात, नागपूर-वऱ्हाडकडे ‘मी गेली’ ऐकू येते. त्या त्या बोलीत ही रूपे नियमाने चालतात आणि घरात, बाजारात त्यांच्यामुळे कोणाचे काही अडत नाही. प्रश्नपत्रिका प्रमाणभाषेची असते, आणि प्रमाणभाषेत स्त्री ‘मी गेले’ म्हणते. या भागांतल्या मुलींना अशा प्रश्नाचे उत्तर कानाच्या भरवशावर देता येत नाही. ‘मी’, ‘आम्ही’ यांची प्रमाण रूपे त्यांना वेगळी शिकावी लागतात: मुलगा ‘मी गेलो’, मुलगी ‘मी गेले’, आणि अनेकवचनात दोघांसाठीही ‘आम्ही गेलो’. चांगला शिक्षक ही रूपे शिकवताना घरच्या बोलीला चूक ठरवत नाही. तो दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि परीक्षेत कोणते निवडायचे ते सांगतो.